एकाच रात्री पोरकी झालेली दोन पोरं: कॉमिक्सवाले नायक-खलनायकाचा जन्म एकाच साच्यातून का काढतात?

शाईचा_डाग

मित्राच्या माळ्यावर खोकी उपसताना १९८४ सालचा 'बॅटमॅन स्पेशल'चा पहिला अंक हाती लागला. लेखन माइक बार, चित्रं मायकेल गोल्डन. तिथेच धुळीत बसून वाचून काढला आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

गोष्ट अशी. ज्या रात्री ब्रूस वेनच्या आईवडिलांना गल्लीत गोळ्या घातल्या जातात, त्याच रात्री गॉथममध्ये आणखी एक मुलगा पोरका होतो. त्याचे आईबाप अट्टल गुन्हेगार, आणि ते मरतात एका नवख्या पोलिसाच्या गोळीने. तोही मुलगा शपथ घेतो. तोही शरीर कमावतो, हत्यारं जमवतो, मुखवटा चढवतो. फक्त ब्रूस गुन्हेगारांच्या मागे लागतो आणि हा पोलिसांच्या. नाव रॅथ. मुखवट्याला वटवाघळाच्या कानांऐवजी इंग्रजी डब्ल्यूचा आकार. त्याच्या आईबापांना मारणारा तो नवखा पोलिस म्हणजे आपला जिम गॉर्डन, आणि रॅथ गॉथममध्ये परत येतो तो गॉर्डनला मारायला.

इतका चोख आरसा मी दुसरा पाहिलेला नाही. एकेक वस्तू उलटी करून समोर ठेवलीय. तरी रॅथ कोणाला आठवतो? त्या मित्रालाही आठवत नव्हता, खोकं त्याचंच असून! उलट जोकर, ज्याचा भूतकाळ धड एक नाही, तो बॅटमॅनचा आरसा म्हणून शेंबड्या पोरालाही माहीत आहे. असं का? आणि मुळात लेखकांना ही जोडी लावायची एवढी खाज का असते?

टिवल्याबावल्या

सोपं आहे की. जोकरनेच बॅटमॅनच्या आईवडिलांना मारलं. म्हणून बॅटमॅन झाला, मग बॅटमॅनने त्याला रसायनात पाडलं म्हणून जोकर झाला. तू मला घडवलंस, मी तुला. यापेक्षा चांगला आरसा कुठला? रॅथचा बॅटमॅनशी थेट संबंधच नाही, म्हणून तो विसरला गेला. विषय संपला.

जुनी_रद्दी

टिवल्याबावल्या, विषय संपला नाही. तुम्ही म्हणताय तो १९८९चा सिनेमा. कॉमिक्समध्ये खुनी जो चिल नावाचा भुरटा आहे आणि त्याला नाव मिळालं १९४८ साली, 'बॅटमॅन'च्या ४७व्या अंकात. सिनेमाने दोन तासांत सगळं बांधायचं म्हणून ते दोन धागे एकाच माणसाला गुंडाळले. तो आरसा नाही, ती गाठ आहे. एकाने दुसऱ्याचं नुकसान केलं की सूडकथा होते. आरसा म्हणायला दोघांवर एकसारखं काहीतरी कोसळावं लागतं, आणि तेही एकमेकांपासून लांब.

रसायनाचं मात्र तुमचं बरोबर आहे. ती उडी कॉमिक्समध्ये जुनीच आहे. ती नीट पाहिली तर धागाकर्त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच सापडतं. रात्री निवांत लिहितो, आत्ता नातवाला क्लासला सोडायचंय.

कोरडा_ओढा

आपल्याकडे कर्ण-अर्जुन आहेतच की! एका आईची लेकरं, एकाला राजवाडा, दुसऱ्याला सूताचं घर. पाश्चात्त्यांनी नवीन काय केलं? बाकी दोघांत श्रेष्ठ धनुर्धर कोण यावर माझं मत ठाम आहे, हवं असेल तर सांगतो.

शाईचा_डाग

@कोरडा_ओढा, नको सांगू 😄 त्यावर चारशे प्रतिसादांचा धागा आधीच आहे. शिवाय कर्णाची गोष्ट वेगळी पडते. त्या दोघांना मिळालं ते वेगवेगळं. इथे दोघांना तंतोतंत तेच मिळतं आणि तरी ते दोन टोकांना जातात.

जुनी_रद्दी

आलो. आता सावकाश.

पहिली गोष्ट, हे आरसे बहुतेक वेळा मागाहून बसवलेले असतात. बॅटमॅन स्वतःच मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २७ मध्ये आला तो भूतकाळाशिवाय. गल्ली, गोळ्या, मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेणारं पोर, हे सगळं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३३व्या अंकात आलं, तेही गोष्टीच्या सुरुवातीची अवघी दोन पानं. जोकर १९४०च्या वसंतात 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात आला. त्याला तर त्याच अंकात मारून टाकायचं ठरलं होतं. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढवून घेतली की हा जगणार आहे, म्हणून वाचला. त्याला भूतकाळ, बालपण, काहीच नव्हतं. पुढची अकरा वर्षं कोणी विचारलंही नाही.

१९५१च्या फेब्रुवारीत 'डिटेक्टिव्ह' १६८ मध्ये बिल फिंगरने त्याचा जन्म सांगितला. रेड हूड नावाचा लाल टोपवाला चोर पत्ते बनवणाऱ्या कंपनीत दरोडा घालतो, बॅटमॅन गाठतो, हा रसायनाच्या सांडपाण्यात उडी टाकून निसटतो. बाहेर येतो तो पांढरं तोंड, हिरवे केस, लाल ओठ घेऊन. आणि हेतू काय? प्रयोगशाळेतला नोकर होता, दहा लाख डॉलर चोरून आरामात जगायचं होतं. बस्स. लोभ. यात बॅटमॅनचं प्रतिबिंब कुठेच नाही.

आता १९८८चं 'द किलिंग जोक' उघडा. लेखक ॲलन मूर, चित्रं ब्रायन बोलंड. टोप तोच, उडी तीच, पत्त्यांची कंपनीही तीच. मूरने बदललं काय? चोराच्या जागी एक पडेल विनोदवीर आणला. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून लोकांना हसवायला निघालेला, आणि कोणी हसत नाही. बायको गरोदर, घरभाडं थकलेलं. एका रात्रीपुरता गुंडांना वाट दाखवायला तयार होतो. ज्या दिवशी दरोडा, त्याच दिवशी दारूच्या गुत्त्यात पोलिस येऊन सांगतात की बाळाची बाटली गरम करायचं यंत्र तपासताना बायको गेली. आता पैसे कोणासाठी आणायचे? तो नाही म्हणतो. गुंड सोडत नाहीत. मग टोप, मग बॅटमॅन, मग उडी.

म्हणजे ३७ वर्षं जुन्या गोष्टीतून लोभ काढला आणि त्या जागी एक निष्कारण मृत्यू ठेवला. एवढ्याने जोकर बॅटमॅनच्या समोर येऊन उभा राहिला. दोघांच्याही आयुष्यात एक रात्र, दोघांचाही काही अपराध नाही. आरसा तयार करायला नवीन काच लागली नाही, जुन्या काचेला मागून पारा लावला.

निशाचर_७७

रद्दीकाका, दंडवत! फक्त एक शंका. जोकर त्यातच म्हणतो ना, की त्याला ते कधी एक आठवतं, कधी दुसरं? मग विनोदवीर, बायको हे खरं धरायचं का?

जुनी_रद्दी

धरायचं नाही, सोडायचंही नाही. आणि तो रॅथपेक्षा का टिकला याचं उत्तर मला इथेच दिसतं.

रॅथच्या गोष्टीत तो बॅटमॅनची ओळख शोधून काढतो. ब्रूस वेन कोण, त्या रात्री काय झालं, सगळं त्याला कळतं. बॅटमॅनलाही रॅथचा भूतकाळ कळतो. म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना दोन्ही बाजू ठाऊक झाल्या. पुढे बोलण्यासारखं राहिलं काय? त्याच गल्लीच्या छपरावर मारामारी होते, रॅथला आग लागते, तो खाली कोसळून मरतो. नाव शेवटपर्यंत कळत नाही.

'किलिंग जोक'मध्ये उलट आहे. जोकर बॅटमॅनला म्हणतो, तुझ्याही वाट्याला कधीतरी एक वाईट दिवस आला असणार, नाहीतर असले कपडे घालून कोण हिंडतं? पण तो अंदाज आहे. त्याला ती गल्ली माहीत नाही. बॅटमॅनला तो विनोदवीर माहीत नाही. दोन्ही अर्धे तुकडे फक्त वाचणाऱ्याच्या हातात आहेत, आणि त्यातला एक खोटाही असू शकतो. दोघं एकमेकांसमोर उभे आहेत आणि आपण किती सारखे आहोत हे त्यांना कळतच नाही. ही गोष्ट पुन्हा उघडता येते. रॅथची उघडता येत नाही.

हातोडी

पटलं नाही. रास अल गूलला १९७१पासून बॅटमॅनची ओळख माहीत आहे, तो काय मेला? (मेला, पण दर वेळी परत येतो 😛) आणि हश? टॉमी इलियट. ब्रूसचा बालमित्र, तसंच गर्भश्रीमंत घर. यानेच आईवडिलांच्या गाडीचे ब्रेक तोडले, वारसा हवा म्हणून. बाप मेला, पण ब्रूसच्या डॉक्टर बापाने आईला वाचवलं. टॉमीचा राग हा, की ब्रूसला जे फुकट मिळालं ते मला का नाही! पोरकं होणं एकाला शाप, दुसऱ्याला हेवा. हा आरसा रॅथपेक्षा कितीतरी विषारी आहे. त्याला ब्रूसचं सगळं माहीत आहे आणि २००२पासून तो चालू आहे.

जुनी_रद्दी

हश मी विसरलो होतो, मान्य. रासचं उदाहरण मात्र नाही चालणार, तो कोणाचा आरसा नाही, तो सासरा व्हायला आलेला माणूस आहे.

पण हश चालू आहे म्हणजे काय करतो ते बघा. २००८ साली त्याने शस्त्रक्रिया करून ब्रूसचा चेहरा लावून घेतला. त्यानंतर लेखक त्याला बहुतेक तेवढ्यासाठीच बोलावतात, तोतया ब्रूस म्हणून. ज्याच्याकडे प्रतिबिंबाशिवाय काही नाही त्याला शेवटी प्रतिबिंबाचंच काम मिळतं.

हातोडी

हे तुम्ही सोयीने फिरवताय काका. 'टिकत नाही' वरून 'टिकतो पण तेवढंच करतो' वर आलात.

जुनी_रद्दी

आलो खरा 😀 राहू दे ते तसंच.

मधुमालती

इथे कोणी बार्बराचं नाव घेईना म्हणून लिहिते.

'किलिंग जोक'मध्ये जोकरला सिद्ध काय करायचं असतं? की एका वाईट दिवसात कोणीही शहाणा माणूस वेडा होतो. प्रयोगासाठी तो निवडतो जिम गॉर्डनला. दारात जाऊन त्याच्या मुलीला, बार्बराला गोळी घालतो, बापाला जत्रेत नेऊन, विवस्त्र करून, भुताच्या गाडीत बसवून तिचे फोटो दाखवतो. गॉर्डन मोडत नाही. उलट बॅटमॅनला बजावतो की याला पकड, पण कायद्याने पकड. तिथे जोकरचा दावा पडतो. आणि तो बॅटमॅनने पाडलेला नाही, हे लक्षात घ्या. बॅटमॅन पाडूच शकत नाही, कारण वटवाघळाचे कपडे घालून हिंडणारा माणूस 'मी शहाणाच राहिलो' हे कोणत्या तोंडाने सांगणार? नायक-खलनायक समोरासमोर ठेवले की वाद एक विरुद्ध एक होऊन अडकतो. त्याच आगीतून गेलेला तिसरा साधा माणूस लागतो. मला वाटतं लेखक जोडी लावतात ती त्या तिसऱ्यासाठी जागा करायला.

पण वाईट दिवस खरा कोणाचा होता? गोळी मणक्यात गेली ती बार्बराच्या. तिला त्या पुस्तकात कोणी विचारत नाही, तुझं काय झालं गं? ती बापाच्या परीक्षेचा पेपर आहे फक्त. तिचं उत्तर दुसऱ्यांनी लिहिलं. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या नवरा-बायकोने १९८९च्या सुरुवातीला 'सुइसाइड स्क्वॉड'च्या २३व्या अंकात तिला ओरॅकल म्हणून परत आणलं. चाकाच्या खुर्चीवरून, कॉम्प्युटरपुढे बसून अख्ख्या गॉथमला माहिती पुरवणारी. जोकरच्या सिद्धांताला याहून सणसणीत उत्तर नाही, आणि ते 'किलिंग जोक'च्या बाहेर आहे.

निशाचर_७७

+१. गोळीचं पान मी कॉलेजात वाचलं तेव्हा नुसतं 'भारी' म्हणालो होतो. आता लाज वाटते.

बाकी मूरलाही पुढे हे पुस्तक फारसं आवडेनासं झालं. बॅटमॅन आणि जोकर हे खऱ्या जगातल्या कशाचंच प्रतिबिंब नाहीत, अशा अर्थाचं तो बोललाय.

शाईचा_डाग

मधुमालती, तिसऱ्या माणसाचं वाचून मी रॅथचा अंक पुन्हा काढला. तिथेही गॉर्डन आहे! फक्त तिथे तो परीक्षा देणारा नाही, बंदूक चालवणारा आहे. आणि रॅथ पळवून कोणाला नेतो? लेस्ली टॉम्पकिन्सला. आईबाप मेल्या रात्री ब्रूसला जवळ घेणारी बाई. तिच्याकडे पाहिल्यावर वाटलं, बारने खरा फरक आईबापांच्या धंद्यात ठेवलेलाच नसावा. ब्रूसला त्या रात्री कोणीतरी घरी नेलं, याला नेलं नाही, एवढाच फरक. अंकात हे कोणी बोलून दाखवत नाही, माझं वाचन आहे.

गाळपेर

धागा वाचत होते, आता धीर करून विचारते. आमच्या कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी मी दहा पानांचं कॉमिक करतेय. धरणात गेलेल्या गावातली दोन पोरं. घळभरणी झाली त्या पावसाळ्यात दोघांची घरं एकाच आठवड्यात बुडाली. एक मोठी होऊन धरणावरच दरवाज्यांची इंजिनिअर होते. दुसरा दरवाजे उडवायला येतो. शेवटच्या पानावर तो तिला म्हणतो, "आपण दोघं सारखेच आहोत." आमच्या सरांनी ते पान वाचून फक्त "हं" केलं. काय चुकलंय ते सांगत नाहीत. तुम्ही सांगाल का?

हातोडी

तो संवादच चुकलाय. वाचणाऱ्याने जे मनात म्हणायचं ते तू पात्राच्या तोंडी दिलंस. शंभर गोष्टींत हेच वाक्य असतं, खलनायक बोलतो, नायक "नाही, मी तुझ्यासारखी नाही" म्हणतो, आणि ठोसा. खोड ते.

जुनी_रद्दी

बाळ, संवाद खोडलास तरी पान तसंच राहील, कारण दुखणं आधीच्या पानांत असणार. घर बुडाल्यावर दोघांचं काय काय झालं ते सांग बरं. चित्र नको, नुसतं सांग.

गाळपेर

तिचं: वडिलांना मोबदला मिळाला, पुनर्वसनाच्या गावात प्लॉट मिळाला, ती शिकली. त्याचं: मोबदला मिळाला नाही, वडील दारूला लागले, आई गेली, त्याला मामाने मारलं, शाळा सुटली, एका ठेकेदाराने फसवलं.

मधुमालती

मग ते दोघं सारखे कुठे आहेत गं? तिच्या वाट्याला पाणी आलं आणि पुढे सगळं सुरळीत. त्याच्या वाट्याला पाणी आलं आणि वर सहा संकटं. कुणीही म्हणेल, त्याचं बरोबरच आहे. सर "हं" म्हणाले ते म्हणूनच असेल.

जुनी_रद्दी

अगदी. खलनायक पटावा म्हणून आपण त्याच्यावर दुःखं लादत जातो, आणि दर दुःखागणिक तो नायकापासून लांब जातो. आरसा पुसट होतो. पाच खोड, एक ठेव. मोबदला दोघांनाही मिळाला असू दे, किंवा दोघांनाही नाही.

निशाचर_७७

एक धोका सांगतो. दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. मॅग्नेटो १९६३ साली आला तेव्हा नुसता दुष्ट होता. १९८१मध्ये ख्रिस क्लेअरमाँटने त्याला ऑश्विट्झचा भूतकाळ दिला, पुढच्या वर्षी तो आणि प्रोफेसर एक्स तरुणपणी मित्र होते हेही दाखवलं. भूतकाळ इतका वजनदार झाला की १९८५मध्ये त्याच प्रोफेसरची शाळा मॅग्नेटोच्या हातात द्यावी लागली! खलनायक म्हणून तो उरलाच नाही, पुढच्या लेखकांना ओढून ताणून परत आणावा लागला. तुझी दहाच पानं आहेत, तुला चालेल. मासिकवाल्यांना परवडत नाही.

टिवल्याबावल्या

मला तर तिचं ऐकून धरण उडवणाराच नायक वाटला.

गाळपेर

@टिवल्याबावल्या, माझ्या आजीलाही तोच वाटला, तिचं स्वतःचं घर पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, तेव्हा ती अजून तिकडे हात जोडते.

काका, बसून बदललं. मोबदला दोघांनाही मिळाला. बाकी सगळं काढलं. आता फरक एकच आहे: पाणी चढलं त्या रात्री ती उंबऱ्याचं लाकूड काढून घेऊन आली, आणि त्याला काहीच आणता आलं नाही. तिच्या क्वार्टरमध्ये ते लाकूड फळी म्हणून लावलंय, त्यावर चहाचे डबे. शेवटच्या पानावर तो तिच्या घरात येतो आणि ती फळी बघतो. संवाद नाही. पण आता प्रश्न असा की ती फळी कसली आहे हे त्याला कळायला हवं की नको? कळलं तर रॅथ होतो ना?

हातोडी

कळायला हवं. नाहीतर शेवटचं पान म्हणजे एक माणूस चहाचे डबे बघतोय.

जुनी_रद्दी

कळू देऊ नकोस! वाचणाऱ्याला तिसऱ्या पानावर दाखव की ती उंबरा काढतेय, कुंकवाची बोटं उठलेला. शेवटी तीच बोटं डब्यांच्या मागे अर्धी दिसू देत. त्याने डबा उचलून चहा करायला घेतला तरी चालेल.

मधुमालती

आणि तिसरं माणूस विसरू नकोस. आजी कुठे आहे या गोष्टीत?

गाळपेर

आजी अजून कुठेच नाही. पानं दहाच आहेत आणि सात शाईत झालीत. पाचव्या पानावर जीपचा पाठलाग आहे, तो काढला तर जागा होते, पण माझ्या मित्राने ती जीप आठ दिवस बसून काढलीय. त्याला कसं सांगू?

शाईचा_डाग

जीप राहू दे. आजीला जीपमध्ये बसव.